वेळ जात नाही, वर्षं मात्र जातात

माझी आत्या 82 वर्षांची आहे. मिरजेला असते, एकटीच. परवा दुपारी तीनच्या सुमारास तिच्याकडे गेलो, तर दार उघडल्या उघडल्या म्हणाली, "बरं झालं आलास. दुपारचा वेळ जाता जात नाही बघ. दोनपासून चार वेळा घड्याळ पाहिलं." पाच मिनिटांनी चहा ओतता ओतता म्हणाली, "मागच्या गणपतीत तू आला होतास ना, तेव्हाच या सेटमधला सहावा कप फुटला." मी म्हटलं, आत्या, त्याला तीन वर्षं झाली. ती किटली हातात धरून तशीच उभी राहिली. "तीन? काय सांगतोस! वर्षं कशी निघून जातात, कळतसुद्धा नाही."

एकाच बाईची, एकाच दुपारची ही दोन वाक्यं. पहिल्यात वेळ सरत नाही, दुसऱ्यात वर्षं पळतात. वय वाढलं की काळ वेगाने जातो हे आपण इतक्या सहज म्हणतो, की या दोन वाक्यांचा मेळ कसा बसवायचा हा प्रश्न कुणाला पडत नाही. मला वाटतं, सगळी गोम तिथेच आहे. आपल्या बोलण्यात हा भेद बराचसा आहेही. चालू असताना जाणवतो तो बहुधा 'वेळ': वेळ जात नाही, वेळ काढतोय, वेळ पुरत नाही. मागे वळून पाहताना मात्र आपण 'काळ' म्हणतो: तो काळ गेला, काळ कसा लोटला. नियम काटेकोर नाही, पण बोलणाऱ्याच्या कानाला फरक कळतो. मानसशास्त्रातही या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. म्हातारपणी काळ धावतो या विधानाची तपासणी करायची, तर आधी विचारायला हवं: कोणता? चालू असलेला, की मागे पडलेला?

या प्रश्नावरचं सगळ्यात लोकप्रिय उत्तर व्हॉट्सअॅपवर दर डिसेंबरात फिरतं. पाच वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा पाचवा हिस्सा, पन्नाशीच्या माणसाला पन्नासावा, म्हणून पन्नाशीत वर्ष छोटं वाटतं. ही कल्पना पॉल जाने या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1877 साली एका लेखात मांडली. ती ऐकताक्षणी पटते, कारण ती अंकगणित आहे आणि अंकगणिताशी कोण भांडणार?

तर थोडं भांडून पाहू. हा हिशेब खरा धरला, तर प्रत्येक वेळी वय दुप्पट व्हायला लागणारा काळ सारखाच वाटायला हवा. म्हणजे 5 ते 10 ही वर्षं जेवढी लांब, तेवढीच 10 ते 20, तेवढीच 20 ते 40 आणि तेवढीच 40 ते 80. पाचव्या वर्षापासून मोजलं, तर ऐंशी वर्षं जगणाऱ्याचं निम्मं जाणवलेलं आयुष्य विसाव्या वाढदिवसालाच संपलं! इथवर एक काव्यात्म खंत म्हणून ठीक आहे. पण हाच हिशेब दिवसाला लावा. ऐंशीच्या माणसाची दुपार आठ वर्षांच्या पोराच्या दुपारीच्या एक दशांश वाटायला हवी. माझ्या आत्याला हे सांगून बघा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1890 साली नेमकं इथेच बोट ठेवलं. त्याचं म्हणणं असं, की या सूत्राने वस्तुस्थितीचं ढोबळ वर्णन होतं, पण तिचं गूढ उकलत नाही. वय वाढलं की वर्षं आखडतात हे खरं. पण तासांचं नक्की सांगता येत नाही, आणि मिनिटं-सेकंद तर होती तेवढीच राहतात. वर्षं आखडण्याचं कारण त्याने स्मृतीत शोधलं: आठवणींत तोचतोचपणा आला की मागे पाहताना दिसणारं चित्र सपाट होतं. जेम्सकडे आकडेवारी नव्हती. ती यायला शंभरावर वर्षं लागली, आणि ती आली तेव्हा जेम्सचं म्हणणं बरंचसं बरोबर निघालं.

मार्क व्हिटमन आणि सांड्रा लेनहॉफ या दोघांनी 2005 साली जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या 499 लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत लहान 14 वर्षांचा, सर्वांत मोठा 94. प्रश्न साधे होते. गेला आठवडा कसा गेला? महिना? वर्ष? आणि गेली दहा वर्षं? 'फार सावकाश' ते 'फार भराभर' अशा पाच पायऱ्यांपैकी एक निवडायची. आठवडा, महिना आणि वर्ष यांच्या उत्तरांत तरुण आणि म्हाताऱ्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सगळ्याच वयाचे लोक म्हणत होते, भराभर गेलं. विशीतली मुलंही. फरक दिसला तो गेल्या दहा वर्षांच्या प्रश्नात. तिथे वयाबरोबर वेग वाढत गेला, पण पन्नाशीच्या आसपास थांबला. पुढे रेषा जवळजवळ सपाट. आणि लोकांच्या उत्तरांत जी एकूण तफावत होती, तिच्यातली फार तर दहा टक्के वयाच्या खात्यावर टाकता येत होती. उरलेल्या नव्वद टक्क्यांचं वयाशी देणंघेणं नव्हतं.

जानेच्या सूत्राने साठीच्या माणसाला गेलं वर्ष विशीतल्यापेक्षा तिप्पट वेगाने गेल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. शिवाय सूत्र पन्नाशीला थांबत नाही, ते सत्तरीत आणि ऐंशीतही चालूच राहायला हवं. म्हणजे अंकगणित सुबक, पण माणसांना लागू नाही. विल्यम फ्रीडमन आणि स्टीव्ह यान्सेन यांनी 2010 साली नेदरलँड्समधल्या 1,865 लोकांचे आकडे मांडले. तिथेही वयाचा परिणाम दिसला तो मुख्यतः दहा वर्षांच्या प्रश्नात, आणि तोही लहानच.

चालू वेळेचं काय? सिल्व्ही द्र्वा-व्होले आणि जॉन वेअर्डन यांनी लोकांच्या हाती फोन दिले. दिवसातून अधूनमधून फोन वाजायचा आणि विचारायचा: आत्ता, या क्षणी, वेळ कशी चालली आहे? तरुण आणि वृद्धांच्या उत्तरांत फरक निघाला नाही. वेळेचा वेग ठरत होता तो माणूस त्या क्षणी खूश आहे का आणि हातातल्या कामात किती गुंतला आहे यावरून. आत्याची दुपार रेंगाळते ती ती 82 वर्षांची आहे म्हणून नव्हे. दुपारी तिच्या हाताला काम नसतं आणि दाराशी कुणी येत नाही, म्हणून.

शरीरातलं घड्याळ वयाबरोबर मंदावतं, असंही एक स्पष्टीकरण ऐकू येतं. मनात आकडे मोजून तीन मिनिटं झाली की सांगा, असं म्हातारी माणसं आणि तरुण यांना सांगितलेला 1990च्या दशकातला एक प्रयोग त्यासाठी पुढे केला जातो: तरुण जवळजवळ बरोबर आले आणि म्हाताऱ्यांनी अर्ध्या मिनिटाहून जास्त उशीर केला. प्रयोग छोटा होता. 1998 साली रिचर्ड ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा चित्र उलटंच दिसलं: वृद्ध माणसं सांगितलेला अवधी तरुणांपेक्षा लवकर संपवतात. हा मुद्दा मी इथेच सोडतो.

मग दहा वर्षांच्या प्रश्नात जो थोडाफार फरक दिसतो, तो येतो कुठून? इथे मला मिशेल सिफ्रची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. हा 23 वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ 16 जुलै 1962 रोजी आल्प्समधल्या स्कारासों नावाच्या गुहेत उतरला आणि दोन महिने तिथेच राहिला. जवळ घड्याळ नाही, दिवसरात्रीचा पत्ता नाही. खाली हिमनदीचा बर्फ, तंबू कायम ओला. झोपताना, उठताना आणि जेवताना तो वर फोन करायचा. वरचे लोक वेळ टिपून ठेवत, त्याला मात्र सांगत नसत. 14 सप्टेंबरला त्याला कळवलं की मुदत संपली. त्याच्या वहीत 20 ऑगस्ट होता. पंचवीस दिवस हरवले होते.

यातली खरी मजेची गोष्ट पुढे आहे. वरच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की सिफ्रचं झोपण्या-जागण्याचं चक्र साधारण साडेचोवीस तासांचंच होतं. शरीर चोख चाललं होतं. चुकला होता तो मनाचा हिशेब. आख्ख्या रात्रीच्या झोपेला त्याने कधी डुलकी समजलं होतं, आणि जागेपणाचे लांबलचक पट्टे त्याला काही तासांचे वाटले होते, कारण त्यांत एकमेकांपासून वेगळं सांगावं असं काही घडलंच नव्हतं. अंधार, ओलावा, डबाबंद जेवण, पुन्हा अंधार. आदल्या दिवसापासून आजचा दिवस वेगळा काढायला खूणच नाही. तो काही म्हातारा नव्हता. तेविशीतला तरुण होता, आणि तरीही त्याचा काळ पळाला.

मागे पडलेला काळ आपण घड्याळाने मोजत नाही, खुणांनी मोजतो. याचं उलट टोक 2007 सालच्या एका अमेरिकन प्रयोगात आहे. चेस स्टेटसन, डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना 31 मीटर उंचीवरून पाठमोरं खाली सोडलं, खाली जाळी लावून. आपलं पडणं त्यांना दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी 36 टक्के लांब वाटलं. पण पडताना वेळ खरोखर मंदावलेली असती, तर मनगटावरच्या यंत्रात भराभर बदलणारे आकडे त्यांना वाचता यायला हवे होते. ते काही आले नाहीत. वेळ तेव्हा लांबली नव्हती; भीतीने आठवण दाट बसली, आणि ती मागाहून चाळताना लांब वाटली.

आता घरातलं उदाहरण. आत्याकडे जुन्या दिनदर्शिका आहेत, भिंतीवरच्या एकाच खिळ्यात एकावर एक अडकवलेल्या. रद्दीवाल्याला ती त्या देत नाही. त्यातली 1996ची मी खाली काढायच्या आधी तिला विचारलं, शहाण्णव साल कसं गेलं? ती म्हणाली, "काय माहीत बाबा. गेलं असंच." काय काय झालं त्या वर्षी? थोडा विचार करून तिने तीन गोष्टी सांगितल्या, त्यातली एक सत्त्याण्णवची निघाली. मग फेब्रुवारीचं पान उघडलं. चौकोनाचौकोनांत तिच्या बारीक अक्षरात: 'सिलिंडर लावला', 'पेपर 40 तपासले', 'आण्णांचं ड्रेसिंग', 'पेपर 35', 'धाकट्याची फी, उसने 2000', 'पाणी नाही', 'आण्णा – ड्रेसिंग, डॉ. आले', 'वन्सं आल्या'. आण्णा म्हणजे तिचे सासरे, मधुमेहाने पाय चिघळलेला. ती तेव्हा 53 वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. एकेका नोंदीवर बोट ठेवत ती बोलायला लागली. डॉक्टरांची स्कूटर, वन्संनी आणलेले कुंद्याचे डबे, पाणी आलं नाही म्हणून शाळेत आंघोळ न करता गेलेला दिवस. दोन महिन्यांची पानं व्हायला पाऊण तास लागला. "अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "केवढं मोठं वर्ष होतं हे."

हा काही अभ्यास नव्हे, एका घरातली एक दुपार आहे. पण पंचेचाळीस मिनिटांत एक वर्ष 'असंच गेलं'पासून 'केवढं मोठं'पर्यंत गेलं, आणि त्या वेळात आत्याचं वय बदललं नव्हतं.

इथवर सगळेच लेख पोहोचतात, आणि मग ठरलेला सल्ला येतो: नवीन काहीतरी करा, प्रवासाला जा, वाद्य शिका, काळ लांबेल. या सल्ल्याला आधार आहे, नाही असं नाही. दीना अवनी-बाबाद आणि इलाना रितोव्ह यांनी 2003 साली दाखवलं, की रुळलेल्या कामाचा अवधी मागाहून कमी भरतो. सुट्टीवर आलेल्यांचंही तेच: दिवस रुळले की ते मागाहून पटापट सरल्यासारखे वाटतात. तारुण्यातल्या आठवणी दाट का, याचंही हे एक कारण दिलं जातं: पहिली नोकरी, पहिलं बिऱ्हाड, पहिलं मूल, सगळं त्याच पंधरावीस वर्षांत येतं.

तरी हा सल्ला मला दोन कारणांनी खटकतो. एक म्हणजे, आठवणीचा धागा संशोधकांनी ओढून पाहिला तेव्हा तो अपेक्षेइतका भार पेलत नाही असं दिसलं. माझ्या आत्याचा कप तीन वर्षांपूर्वी फुटला आणि तिला तो मागच्याच वर्षी फुटल्यासारखा वाटला. जुनी घटना अशी जवळ ओढली जाते, हे सगळ्यांचंच होतं. म्हाताऱ्यांत ते जास्त होत असेल आणि म्हणून त्यांना काळ पळाल्यासारखा वाटत असेल, असा एक अंदाज होता. फ्रीडमन आणि यान्सेन यांनी लोकांना बातम्यांतल्या घटना कधी घडल्या ते विचारून तो तपासला. वयाच्या फरकाचा उलगडा त्यातून झाला नाही. त्यांना जास्त ठळक दिसलं ते वेगळंच: ज्यांना आयुष्यात वेळेची ओढाताण जास्त वाटत होती, त्यांना काळ वेगाने जाताना वाटत होता. कामं जास्त, तास कमी, एकातून दुसऱ्यात उडी. पुढे यान्सेन, माकिको नाका आणि फ्रीडमन यांनी 2013 साली जपानमधल्या लोकांवर हेच करून पाहिलं आणि तिथेही तेच आलं.

त्या जपानी अभ्यासातला एक बारकावा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लोक म्हणत होते, आत्ता ओढाताण आहे, पण गेल्या दहा वर्षांत एवढी नव्हती. संशोधकांचं म्हणणं असं, की ती होती, लोक विसरलेत. आजच्या धावपळीची कारणं डोळ्यांसमोर असतात: उद्याचं बिल, परवाची डॉक्टरांची वेळ. दहा वर्षांपूर्वीची तेवढीच क्षुल्लक कारणं कधीच पुसली गेलेली असतात. मग तुलनेत जुना काळ निवांत भासतो आणि आताचा पळता. म्हणजे आयुष्याचा वेग वाढल्याच्या भावनेतला काही भाग तरी जुन्या वेगाच्या विस्मरणातून येतो.

आणि दुसरं कारण. 'नवीन काहीतरी करा' हे ज्याच्यापाशी रिकामे तास आणि पैसे आहेत त्यालाच सांगता येतं. विरारहून चर्चगेटला रोज उभ्याने जाणाऱ्या, घरी आल्यावर सासऱ्यांचं ड्रेसिंग करणाऱ्या बाईला तुझी वर्षं पळतात कारण तू वाद्य शिकत नाहीस, असं सांगणं हे मला उद्धटपणाचं वाटतं. वर्ष आखडतं ते तिच्या वयामुळे नव्हे, आणि तिच्यात कुतूहल कमी पडतं म्हणूनही नव्हे. तिचे तास आधीच वाटून दिलेले आहेत, म्हणून. हा प्रश्न आपण वैयक्तिक छंदांच्या पानावर छापतो. तो खरं तर प्रवासाच्या वेळेच्या, पाळणाघरांच्या आणि घरातल्या आजारी माणसाची सेवा कुणी करायची याच्या चर्चेत असायला हवा.

वयापेक्षा परिस्थितीचं पारडं जड आहे, हे 2020च्या टाळेबंदीने एकदा उघड केलं. रूथ ऑग्डेनने त्या एप्रिलमध्ये ब्रिटनमधल्या 604 लोकांना विचारलं, दिवस कसे चाललेत? बहुतेकांना वेग बदललेला वाटत होता; कुणाला वाढलेला, कुणाला घटलेला. आणि वय जास्त असलेल्यांना दिवस संथ जात होते. ज्यांच्या हाताशी कामं होती, ताण कमी होता, माणसांशी जेवढं बोलणं होत होतं त्यात जे समाधानी होते, त्यांचे दिवस लवकर सरत होते. 'वय वाढलं की काळ पळतो' हा निसर्गनियम असता, तर माणसं घरात कोंडली म्हणून त्याने दिशा बदलली नसती.

एक कबुली द्यायला हवी. वर सांगितलेले सगळे वयाचे अभ्यास एका वेळी वेगवेगळ्या वयांच्या माणसांना विचारून केलेले आहेत. एकाच माणसाला विशीत, चाळिशीत आणि साठीत गाठून हाच प्रश्न विचारलेला नाही. त्यामुळे आज ऐंशीचे असलेले लोक आणि आज विशीत असलेले लोक यांच्यातला फरक वयाचा, की वेगवेगळ्या जमान्यांत वाढल्याचा, हे त्यांतून सुटत नाही. शिवाय वय वाढलं की काळ पळतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रश्न विचारला की तेच ऐकीव उत्तर तोंडावर येणार, हेही आलंच.

निघायच्या आधी मी 1996चं पान पुन्हा एकदा पाहिलं. फेब्रुवारीच्या 29 चौकोनांपैकी कोरे फक्त चार. शाळा, घर, सासरे, धाकट्याची फी, एका शनिवारी तर तीन नोंदी एकमेकींवर चढलेल्या. मी आत्याला विचारलं, एवढं सगळं कसं करायचीस गं? तिने दिनदर्शिका घेतली, पानं सारखी केली आणि परत खिळ्यात अडकवली.

"करायची," ती म्हणाली. "तेव्हा वेळ पुरायचा रे."